बाळंतविड्यातले कपडे : आधी काय शिवावे, थांबून काय घ्यावे

प्रश्न : माझी मुलगी पहिलटकरीण असून पुण्याहून बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे चिपळूणला येणार आहे. डॉक्टरांनी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बाळंतविड्याची तयारी करायची आहे, पण विहीणबाई म्हणतात की जन्माआधी बाळासाठी नवे काही आणायचे नाही. दुकानदार म्हणतो की तीन ते सहा महिन्यांचेच माप घ्या, मुले झपाट्याने वाढतात. मुलीची लहानपणची झबली, टोपडी आणि कुंची मी डांबरगोळ्या घालून पेटीत जपून ठेवली आहेत, ती वापरता येतील का? कापड कोणते घ्यावे, बंद लावावेत की बटणे, आणि माप कसे ठरवावे?
— एक होणारी आजी, चिपळूण

उत्तर : ताई, पेटीबद्दल सर्वांत आधी लिहिते, कारण आपल्या पत्रातली तीच गोष्ट मला काळजीची वाटली. डांबरगोळ्यांत राहिलेले कपडे नवजात बाळाच्या अंगाला लावू नका आणि त्याच्या पांघरुणातही घेऊ नका. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांचा अंश कपड्याच्या धाग्यांत मुरून राहतो. काही बाळांच्या रक्तपेशींमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची उपजत कमतरता असते. ही कमतरता आनुवंशिक असते, मुलग्यांमध्ये जास्त दिसते, आणि घरात ती आहे हे बहुतेक कुटुंबांना ठाऊकही नसते. अशा बाळाच्या शरीरात श्वासातून किंवा त्वचेतून नॅफ्थलीन गेले, तर तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात आणि कावीळ इतक्या वेगाने वाढू शकते की तिचा परिणाम मेंदूवर होण्याचा धोका असतो. त्यातच आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात, आणि नॅफ्थलीन तेलात सहज विरघळत असल्यामुळे तेलकट अंगावर असा कपडा चढवणे अधिकच वाईट. एकदा धुतल्याने हा अंश जातोच असे नाही. म्हणून वास येतो तोवर कपडा चालणार नाही, आणि वास गेलेला वाटला तरी पहिल्या काही महिन्यांत तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते. बाळाला पाहायला येणारी माणसे ट्रंकेतून काढलेली शाल किंवा लोकरी पांघरूण घेऊन येतात आणि बाळाला त्यातच गुंडाळून मांडीवर घेतात. त्या शालीला गोळ्यांचा वास येत असेल, तर ती प्रेमाने बाजूला ठेवावी. आपल्या घरात मधल्या काळात अशा वस्तूंशी बाळाचा संबंध आला आणि त्याचे डोळे वा अंग पिवळे दिसू लागले, लघवी गडद रंगाची होऊ लागली किंवा ते दूध प्यायला आळस करू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि डांबरगोळ्यांचा उल्लेख आपण होऊन करावा, कारण डॉक्टरांना ते विचारायचे सुचेलच असे नाही.

जुनी कुंची फेकू नका. ती गोळ्यांतून बाहेर काढून धुवा, ऊन पडेल तेव्हा वाळवा आणि पुढे वर्षा-सहा महिन्यांनी घडीभर आतल्या सुती कपड्यावरून घालायला ठेवून द्या. रोजच्या वापरासाठी मात्र दुसरी तयारी करू.

विहीणबाईंचे म्हणणे मोडायची काहीच गरज नाही, उलट या वेळी ते आपल्या उपयोगाचेच आहे. बाळ जन्माला येऊन त्याचे वजन होईपर्यंत माप कोणालाच कळत नाही, त्यामुळे नवे कपडे जन्मानंतर घेणे हेच व्यवहाराला धरून होईल. आधी तयार ठेवायचे ते पहिल्या पंधरा-वीस दिवसांचे कपडे, आणि ते वापरून मऊ झालेल्या सुती साडीचेच उत्तम होतात. म्हणजे नवे काही आणले असेही होत नाही आणि दवाखान्यात जायच्या वेळी हाती काही नाही, असेही होत नाही.

साडी निवडताना ती खरोखर सुती आहे ना, हे पाहून घ्यावे. बऱ्याच जुन्या साड्या सुती म्हणून घेतलेल्या असतात, पण त्यांच्या धाग्यात पॉलिस्टर मिसळलेले असते. ओळखायची रीत सोपी आहे. आडवे आणि उभे असे दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली तर करडी, मऊ राख राहते. पॉलिस्टरचा धागा आधी आखडतो, वितळतो आणि टोकाला काळी कडक गुठळी धरतो. ही गुठळी पाहिली की अशा कपड्याचे झबले शेकशेगडीच्या खोलीत का नको, हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. जरीचा काठ आणि पदर कापून टाकावा. नंतर साडी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी जरा ताणून पाहावी. विरून गेलेला, जाळी पडलेला भाग दुपट्यालाही घेऊ नये, कारण त्याचे धागे सुटतात, आणि सुटा धागा तान्ह्या बाळाच्या बोटांना कसा घातक ठरतो ते पुढे लिहिले आहे. ही साडीही डांबरगोळ्यांतली नसावी, हे ओघाने आलेच.

जन्मानंतर नवे कापड किंवा तयार कपडे घ्याल तेव्हा हाताच्या पंज्याने मऊपणा जोखू नये, कारण काम करून पंजा रखरखीत झालेला असतो. कापड मनगटाच्या आतल्या बाजूवर किंवा ओठांवर फिरवून पाहावे. घरात शिवायचे असेल तर मलमल आणि बारीक वायल ही दोन कापडे पुरेत. तयार कपड्यांत सुती होजिअरी, म्हणजे बनियनचे कापड घ्यावे, कारण ते ताणले जाते आणि बाळाचा हात बाहीत घालताना मुरगळत नाही. दुकानात हल्ली मखमलीसारखे लवदार, अतिशय मऊ लागणारे सूट दाखवतात. त्यांतले बरेचसे पॉलिस्टरचे असतात. असे कापड हाताला सुखावते, पण घाम शोषून घेत नाही, आणि चिपळूणच्या ऑगस्टमध्ये, जिथे भिंतींनाही ओल धरते, तिथे त्या कापडाखाली बाळाच्या मानेला, काखेत आणि पाठीला घामोळे उठते. खात्री करायची असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब टाकावा. धुतलेले सुती कापड तो लगेच पिऊन टाकते, तर पॉलिस्टरवर तो बराच वेळ तसाच राहतो. कोऱ्या कापडाला मात्र खळ असते, त्यामुळे ही परीक्षा एकदा धुतल्यावरच करावी.

कोरे कपडे न धुता घालू नयेत. त्यांवर खळ असते, रंगाचा अंश असतो आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेली रसायनेही असू शकतात. दोनदा साध्या, सौम्य साबणाने धुवावेत, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत, आणि वासाचे किंवा कपडे मऊ करायचे द्रव घालू नये. बाळाच्या त्वचेला त्याचाच त्रास होतो आणि लंगोटाची पाणी शोषायची ताकदही त्याने कमी होते. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून शिवण्यापूर्वी कापड धुवून वाळवून घ्यावे.

आता कपड्याच्या आतल्या बाजूकडे वळू, कारण बाळाचा संबंध तिच्याशीच येतो. दुकानात प्रत्येक कपडा उलटा करून घ्यायची सवय लावून घ्या. समोरून गोड दिसणारे भरतकामाचे बदक उलट्या बाजूने पाहिले तर तिथे गाठी, लोंबणारे धागे आणि कधीकधी खरखरीत अस्तर-कागदही सापडतो, आणि तो बरोबर बाळाच्या छातीवर घासतो. रबरासारख्या जाड छपाईखाली हवा खेळत नाही. मानेच्या मागची मापाची पट्टी टोकदार असेल तर ती नुसती कात्रीने कापू नये, कारण उरलेले टोक अधिक टोचते. टीप उसवून ती मुळापासून काढावी. घरी शिवताना पहिल्या महिन्याच्या झबल्यांच्या शिवणी मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवाव्यात. दिसायला ते उलटे घातल्यासारखे वाटते, पण आतून सपाट राहते.

हातमोजे आणि पायमोजे यांची आतली बाजू तर रोज पाहावी लागते. मी नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करत असताना दीड महिन्याचे एक बाळ रात्री उशिरा आणले गेले. संध्याकाळपासून ते रडायचे थांबत नव्हते, पोटात कळ आली असावी म्हणून घरच्यांनी हिंग लावला होता. सगळे कपडे उतरवून तपासायचे म्हणून पायमोजा काढला, तेव्हा पायाचे मधले बोट लालजांभळे आणि टरारून सुजलेले दिसले. मोज्यातला एक सुटा धागा बोटाच्या बुडाशी इतका घट्ट गुंडाळला गेला होता की सुजेत तो दिसतच नव्हता, भिंग लावून शोधावा लागला. वेळेवर निघाला म्हणून बोट वाचले. असा फास धाग्याचा बसतो तसाच केसाचाही बसतो, आणि बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी आईचे केस गळू लागतात, तेव्हा हे अधिक सांभाळावे लागते. म्हणून बाळाचे कपडे वेगळे धुवावेत, मोजे उलटे करूनच वाळत घालावेत आणि आतले सुटे धागे कापावेत. बाळ कशानेच शांत होत नसेल तर हातापायाची वीसही बोटे उघडी करून पाहावीत. माझे म्हणाल तर हातमोजे लागतच नाहीत. नखे वेळच्या वेळी कापली की ओरखड्यांचा प्रश्न उरत नाही, आणि बाळाला आपला हात तोंडाशी नेता येतो, तो त्याच्या भुकेचा पहिला इशारा असतो.

बंद की बटणे, याचे उत्तर कपडा अंगावर कुठे बांधला जातो त्यावर अवलंबून आहे. पहिल्या महिन्यात डोक्यातून घालायचे कपडे टाळावेत, कारण बाळाची मान धरत नाही आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावर गळा खाली ओढताना बाळ आणि घालणारी दोघी रडकुंडीला येतात. समोरून पूर्ण उघडणारे, एका बाजूवर दुसरी बाजू येणारे बंदाचे झबले या काळासाठी सर्वांत चांगले. त्याचे बंद छातीच्या कडेला, काखेच्या खाली यावेत, गळ्याशी नसावेत. बंद त्याच मऊ कापडाचे, सपाट आणि आखूड असावेत. एक साधे फूल बांधता येईल इतकी, म्हणजे वीतभराहून कमी लांबी पुरते. गोल नाडी किंवा सॅटिनची फीत नको, कारण गोल नाडीची गाठ अंगाखाली टोचते आणि सॅटिनची गाठ आपोआप सुटून फीत लोंबत राहते. बंद शिवताना त्याचे टोक शिवणीत दाबून दोनदा टीप मारावी आणि मग ओढून पाहावे.

टोपड्याचे आणि कुंचीचे गळ्याखाली बांधायचे बंद ही मात्र मला पटणारी गोष्ट नाही. बाळ झोपेत मान फिरवते, टोपडे मागे सरकते आणि बंद हनुवटीखालून गळ्यावर येतो. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी दोऱ्या लावायलाच मनाई करणारे मानक आहे, ते अशाच अपघातांमुळे. आपण टोपडे बंदाशिवाय, डोक्यावर आपोआप बसेल असे शिवावे. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत, अंघोळीनंतर आणि गार वाऱ्यात बाहेर नेताना ते घालावे. घरात उबेत झोपलेल्या, पुऱ्या दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला टोपडे नको, कारण ते घसरून नाकावर येऊ शकते आणि बाळाची जास्तीची ऊब डोक्यातूनच बाहेर पडते. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. बाळाला थंडी वाजते की उकडते हे त्याच्या हातापायांवरून ठरवू नये, ते गारच लागतात. पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. कुंची घालायचीच असेल तर बाळ मांडीवर, जागे आणि आपल्या डोळ्यांसमोर असतानाच घालावी. गळ्यातला काळा दोरा किंवा साखळी यांनाही हाच नियम मी लावते : गळ्यात काही नको. मनगट्यांचे मणी ज्या दोऱ्यात ओवलेले असतात तो दोरा तुटला की मणी अंथरुणात विखुरतात, तेव्हा बारशाचा फोटो झाला की त्या काढून ठेवाव्यात.

दुसऱ्या महिन्यापासून टिचबटणांचे कपडे सोयीचे होतात, विशेषतः लंगोट बदलताना खालून उघडणारे. टिचबटण चांगले की वाईट हे बटणावरून कळत नाही, ते ज्या पट्टीवर बसवले आहे तिच्यावरून कळते. होजिअरीच्या एकेरी कापडावर ठोकलेले टिचबटण आठ-दहा वेळा उघडले की त्याच्याभोवतीचे भोक मोठे होते आणि एके दिवशी बटण निखळून अंथरुणात पडते. म्हणून पट्टी उलटवून बघावी, आत कापडाचा दुसरा थर किंवा विणीची पट्टी असली पाहिजे. दुकानातच दोन-तीन बटणे जोर लावून उघडमीट करावीत. घरी उघडतानाही कापड धरून ओढू नये, बटणाच्या अगदी लगत दोन्ही बाजूंनी धरून उघडावे. आतल्या बाजूला धातूचा उघडा भाग पोटावर येत असेल तर तो कपडा परत ठेवावा, कारण काही धातूंनी त्वचेवर लाल चट्टा उठतो. शर्टाची साधी बटणे, मोती, टिकल्या आणि फुगीर फुले लावलेले कपडे टाळावेत. महिन्याचे बाळ बटण उचलून तोंडात घालणार नाही हे खरे, पण तोच कपडा चार-पाच महिन्यांनीही अंगावर असू शकतो, आणि तेव्हा बाळ हाती येईल ते तोंडातच घालते. सेफ्टी पिन तर बाळाच्या आसपासही नको, दुपट्याच्या टोकालाही नको.

लंगोटाच्या नाडीबद्दल थोडे लिहायला हवे. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते पंधरा दिवस, लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांधावा, म्हणजे नाळेला हवा लागते आणि ती कोरडी राहते. नाडी बांधल्यावर तिच्याखाली आपली दोन बोटे सहज जायला हवीत. दूध प्यायल्यावर बाळाचे पोट फुगते, त्यामुळे ही परीक्षा पोट भरलेले असतानाच करावी. दुपट्यात गुंडाळताना छातीशी घडी नीट ठेवावी, पण पाय सरळ ताणून आवळून बांधू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि हलते राहिले पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. जुन्या बायका पाय सरळ व्हावेत म्हणून बांधतात, ते करू देऊ नका.

आता मापाकडे येऊ. दुकानदार म्हणतो ते अर्धे खरे आहे. मुले झपाट्याने वाढतात, पण पहिल्या पंधरवड्यात नाही. जन्मानंतरच्या काही दिवसांत बाळाचे वजन उलट थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा जन्माच्या वजनावर येते. त्यानंतर ते दिवसाला २५ ते ३० ग्रॅमने वाढू लागते. समजा, आपली नात किंवा नातू २० ऑगस्टला जन्मला आणि वजन २.७ किलो, लांबी ४८ सेंमी भरली. आपल्याकडे अशी बाळे पुष्कळ असतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही हे बाळ साधारण तेवढ्याच अंगाचे असेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते साडेतीन किलोंच्या आसपास जाईल, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तीन महिन्यांचे होईल तेव्हा, पाच किलोंच्या जवळ आणि ५८-५९ सेंमी लांब असेल. फेब्रुवारीत सहा महिन्यांचे होईल तेव्हा ६४-६५ सेंमी. प्रत्येक बाळ याच रेघेवर चालेल असे नाही, पण खरेदीचा अंदाज बांधायला एवढे पुरते.

‘तीन ते सहा महिने’ लिहिलेला कपडा साधारण ६० सेंमीच्या पुढच्या बाळासाठी कापलेला असतो. ४८ सेंमीच्या बाळाला तो घातला तर बाह्या हातावरून लोंबतात, एवढ्यावर भागत नाही. गळा खांद्यावरून उतरतो, बाळ खाली सरकते आणि कपड्याचा पुढचा भाग गोळा होऊन हनुवटीवर, मग तोंडावर येतो. म्हणून मोठा कपडा दुमडून चालवून घेऊ, हा विचार तान्ह्या बाळासाठी सोडून द्यावा. गळा नीट आहे का ते पाहायला कपडा घातल्यावर आपले एक बोट गळ्यात आडवे घालावे : एक बोट सहज जावे, पण तीन बोटे मावली तर तो कपडा अजून मोठा आहे. बाही मनगटाशी संपावी. अंगाला ढिलाई हवी ती छातीला आणि लंगोटावर, गळ्याला नव्हे. पावले झाकणारा सूट घेतलात तर उलटे पाहावे, बाळाची बोटे टोकाला टेकून आखडत असतील तर तो लहान झाला असे समजून लगेच बाजूला काढावा.

घरी शिवायच्या पहिल्या झबल्यांसाठी मी पाठीची रुंदी २३ सेंमी आणि खांद्यापासून लांबी २८ सेंमी धरते. नवजात बाळाची छाती ३२-३३ सेंमी भरते, तेव्हा दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर चार बोटे येऊनही आत हवा खेळते. अशी आठ झबली जन्माआधी त्या जुन्या साडीची शिवून ठेवा. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसाला सहा-आठ वेळा लघवी करते आणि शीही अनेकदा करते, म्हणजे दिवसाला बारा-पंधरा लंगोट लागतात. श्रावणात तुमच्याकडे कपडे वाळायला दोन दिवस जातात असे धरले, तर तीन दिवसांचा साठा, म्हणजे चाळीसेक लंगोट हवेत. रात्री डायपर वापरणार असाल तर तीस पुरतील. दमट राहिलेला लंगोट तसाच कधी घालू नये, त्याने जांघेत पुरळ येते. शेवटची ओल इस्त्रीने काढावी. सोबत सहा ते आठ दुपटी आणि तीन टोपडी असली की पहिला महिना निभतो.

नवे कपडे घ्यायची वेळ बाळ घरी आल्यावर येते. वजन कळले की त्या मापाचे चार-पाच सूट घ्यावेत, अधिक नाहीत. वजन साडेतीन किलोंचे भरले तर ‘न्यू बॉर्न’ माप वगळून थेट ‘शून्य ते तीन’ घ्यावे, अडीच किलोंच्या आत असेल तर घरची झबलीच महिनाभर वापरावीत. काही कपड्यांवर महिन्यांऐवजी सेंटीमीटर लिहिलेले असतात, ५०, ५६, ६२ असे. ते बाळाच्या लांबीचे आकडे असतात आणि महिन्यांपेक्षा अधिक भरवशाचे असतात, कारण एका कंपनीचे तीन महिने दुसरीच्या तीन महिन्यांशी जुळत नाहीत.

पुढचे माप आधी घेऊन ठेवायचे असेल तर ते महिन्यांबरोबर ऋतूशीही जुळवावे लागते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. सप्टेंबरमध्ये सवलतीत मिळाले म्हणून तीन ते सहा महिन्यांचे बिनबाह्यांचे फ्रॉक घेतले, तर ते माप अंगाला येईल तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल. मुलगी तोवर पुण्याला परतली असेल तर तिथल्या पहाटेच्या गारठ्यात त्यांचा उपयोग नाही. त्या मापात पूर्ण बाह्यांची होजिअरीची झबली, सुती फ्लॅनेलचे दोन सूट आणि पुढून उघडणारा एक स्वेटर घ्यावा. लोकर अंगाला थेट लागू नये, आत सुती कपडा असावाच. बिनबाह्यांचे, पातळ मलमलीचे कपडे सहा ते बारा महिन्यांच्या मापात घ्यावेत, कारण मार्च ते मे या उकाड्यात बाळ सात ते नऊ महिन्यांचे असेल.

बारशाला आहेरात येणारे कपडे बहुधा जरीचे, जाळीचे आणि लहानच मापाचे येतात, आणि एकदाही न घालता आखूड होतात. जवळच्या माणसांनी विचारले तर संकोच न करता सहा ते बारा महिन्यांचे उन्हाळी सुती कपडे सांगावेत. आलेले जरीचे अंगडे घालायचेच असेल तर आत बाहीचे मलमलीचे झबले घालून, पाळण्यात घालण्यापुरते घालावे आणि झोपवण्याआधी काढावे.

बोरन्हाणाचे काळे झबले मात्र आत्ता शिवू नका. संक्रांतीला आपले बाळ पाच महिन्यांचे होत आलेले असेल, तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलीकडून खांद्यापासून मांडीपर्यंतची लांबी आणि छातीचे माप मागवून घ्या. काळ्या सुती कापडाचा रंग जातो, म्हणून ते आधी पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा, आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग लागत नाही हे पाहिल्यावरच शिवायला घ्या. हलव्याचे दागिने त्या झबल्याला टाके घालून अडकवू नका, ओढले की दाणे सुटतात आणि त्या वयात ते थेट तोंडात जातात.